फुगा कुठे थांबतो? : स्वयंपाकघरातील एक प्रयोग

खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र आले की फेस उसळतो, हे बहुतेक मुलांना ठाऊक असते. परंतु सोडा दुप्पट केला तर वायूही दुप्पट निघतो काय? मिरजेतील कोणत्याही किराणा दुकानात मिळणाऱ्या वस्तूंनी याचे उत्तर शोधता येते.

साहित्य : अर्ध्या लिटरच्या तीन रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या, तीन सारखे फुगे, कागदाचे कोरडे नरसाळे, व्हिनेगर, खाण्याचा सोडा आणि चहाचा चमचा. धुण्याचा सोडा मात्र घेऊ नये; तो डोळ्यांना व त्वचेला अपायकारक असतो.

कृती : प्रत्येक बाटलीत ५० मिलिलिटर व्हिनेगर ओतावे. नरसाळ्याने पहिल्या फुग्यात अर्धा चमचा, दुसऱ्यात एक व तिसऱ्यात दोन सपाट चमचे सोडा भरावा. फुगे बाटल्यांच्या तोंडांवर घट्ट बसवावेत. मग एकेक फुगा उचलून सोडा खाली पाडावा व बाटली हलकेच हलवावी.

पहिल्यापेक्षा दुसरा फुगा मोठा होतो. तिसरा मात्र दुसऱ्याएवढाच राहतो, आणि त्या बाटलीच्या तळाशी पांढरा सोडा उरलेला दिसतो. बाटल्यांना हात लावल्यास त्या किंचित गार लागतात, कारण ही क्रिया भोवतालची उष्णता शोषून घेते.

कारण असे : व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्ल व सोडा ठराविक प्रमाणातच एकमेकांशी संयोग पावतात. त्यातून पाणी, सोडियम ॲसिटेट हा क्षार व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. वायूला जागा हवी म्हणून फुगा ताणला जातो. व्हिनेगर ४ टक्के तीव्रतेचे असेल, तर ५० मिलिलिटरमध्ये सुमारे २ ग्रॅम आम्ल असते. त्याला सुमारे २.८ ग्रॅम सोडा पुरतो. अर्ध्या चमच्यात सोडा याहून कमी असतो, म्हणून पहिल्या बाटलीत आम्ल उरते. एका चमच्यात तो अधिक असतो, म्हणून पुढील दोन्हींत आम्ल आधी संपते. आम्ल संपले की कितीही सोडा टाकला तरी वायू वाढत नाही.

याची खात्री सहज करता येते. तिसऱ्या बाटलीवरील फुगा काढून तीत थोडे व्हिनेगर ओतावे. उरलेला सोडा पुन्हा फसफसू लागतो. फुगे मुळीच फुगले नाहीत, तर तोंडाशी गळती आहे काय किंवा सोडा ओलसर होऊन त्याचे खडे झाले आहेत काय, हे पाहावे.

दक्षता : प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली करावा. बाटलीला झाकण कधीही लावू नये आणि काचेची बाटली वापरू नये. कोंडलेल्या वायूने ती फुटू शकते. फुग्यावर चेहरा वाकवू नये. थेंब डोळ्यात गेल्यास डोळा न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा, आणि आग थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. उरलेले मिश्रण भरपूर पाण्यासह मोरीत ओतावे.