पहिली ओळख, चार ओळींत

प्रश्न : आमच्या कॉलेजचे एक माजी विद्यार्थी थरमॅक्समध्ये आहेत. लिंक्डइनवर त्यांना पहिल्यांदा काय लिहू? – एक वाचक, पुणे

उत्तर : जोडणीच्या विनंतीसोबतच्या टिपणाला मोफत खात्यावर साधारण २०० अक्षरं मिळतात. देवनागरीत काना-मात्राही वेगळी मोजली जाते, त्यामुळे ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर संपते. समजा तुम्ही सीओईपीत मेकॅनिकलला असाल, तर असं लिहा :

‘नमस्कार सर, मी सीओईपी मेकॅनिकल, २०२५. माझा प्रकल्प बॉयलरमधल्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर होता. तुम्ही त्याच क्षेत्रात आहात. नव्या इंजिनिअरला पहिल्या वर्षी कोणतं काम मिळतं, हे जाणून घ्यायचं आहे.’

नाव प्रोफाइलवर दिसतंच, ते पुन्हा नको. कॉलेज पहिल्याच वाक्यात हवं, कारण अनोळखी माणसाने थांबून वाचावं असं तेवढंच तुमच्याकडे आहे. प्रश्न एकच, आणि दोन ओळींत उत्तर देता येईल असा. ‘मार्गदर्शन करा’ म्हटलं की नेमकं काय सांगायचं हे समोरच्याला कळत नाही. ‘रेफरल द्या’ तर पहिल्या टिपणात मुळीच नको. तुमचं काम न पाहता ते तुमच्यासाठी शब्द कसा टाकतील? बायोडेटाही त्यांनी मागितल्यावरच पाठवा.

विनंती स्वीकारून ते गप्प राहिले, तर आठवड्याने तोच प्रश्न एकदा नम्रपणे विचारा. तरीही उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या माजी विद्यार्थ्याला लिहा.