तुंबलेलं सिंक आणि पावडरची पुडी

आरे कॉलनीतल्या पाड्यांवरून अंधेरी-गोरेगावकडे घरकामाला जाणाऱ्या ताईंसाठी हा पाठ आहे.

समजा, सिंक तुंबलं. बाई म्हणाल्या, "पुडी टाक." ती टाकून तासभर झाला, पाणी हललं नाही. खरा धोका इथे सुरू होतो.

या पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. पाणी लागलं की तो तापतो. पाइपमधल्या तुपातेलाचा साबण होतो, म्हणून तो कामाला येतो. पण तुंबलेल्या पाण्यात तो खाली बसून दगडासारखा घट्ट होऊ शकतो. वरून गरम पाणी ओतलं तर पाणी एकदम उकळून तोंडावर उडतं. काही पावडरींत ॲल्युमिनियमचे कण असतात, त्यांतून पेट घेणारा वायू निघतो. तेव्हा गॅस बंद आणि खिडकी उघडी हवी.

पुडी फसली म्हणून वर ॲसिड ओतू नका. दोन्ही भिडताच भयंकर उष्णता होते. ॲसिडमध्ये ब्लीचचं पाणी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. घसा जळजळला, खोकला आला तर सगळं तिथेच सोडून बाहेर मोकळ्या हवेत या. अशा पाण्यात पंपही मारू नये. प्लंबर आला तर आत काय टाकलंय हे त्याला आधी सांगा, कारण खालचा ट्रॅप उघडताना ते पाणी त्याच्याच हातावर येणार.

सोडा कातडीला लागला की लगेच झोंबेलच असं नाही. बोटं बुळबुळीत लागतात. तो साबणाचा गुळगुळीतपणा नसून कातडीच विरघळू लागलेली असते. लगेच भिजलेले कपडे काढा आणि वाहत्या नळाखाली किमान वीस मिनिटं धुवा. डोळ्यात गेला तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी सोडा, मग डॉक्टरांकडे न्या. लिंबू, व्हिनेगर, हळद काहीही लावू नका. कुणी गिळला तर उलटी करवू नका. १०८ ला फोन करा.

मग सिंक मोकळं कसं करायचं? काही टाकलेलं नसेल तर आधी मगाने पाणी उपसा, थोडंच ठेवा. दुसरं भोक असेल तर ओल्या फडक्याने बंद करा आणि रबरी पंप पंधरा-वीस वेळा दाबा. नाही सुटलं तर सिंकखाली बादली ठेवून बाटलीसारख्या ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून काढा. चहाचा चोथा, भात आणि थिजलेला ओशट गाळ बहुतेक वेळा तिथेच सापडतो. जुन्या चमच्याने खरवडून, रबरी वॉशर जागेवर बसवून वाटी आवळा. मग कोमट साबणपाणी सोडा. उकळतं नको, प्लास्टिकचा पाइप त्याने मऊ पडतो.

ट्रॅप स्वच्छ असूनही पाणी थांबतंय आणि खालच्या मजल्यावरही तीच तक्रार आहे? मग अडथळा इमारतीच्या पाइपमध्ये आहे. ते काम सोसायटीचं, तुमचं नाही. बाईंना तसं स्पष्ट सांगा.