घड्याळ बरोबर होतं, यादी जुनी होती

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला आमचं सावरगाव. इथे माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. त्यात विंडोज ७ चा एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याचं काम नीट चाललं होतं. १ ऑक्टोबर २०२१ च्या सकाळी मात्र त्यावर काही साइट उघडेनात. आदल्या दिवशी त्याच साइट उघडत होत्या. आता लाल खूण यायची, 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा यायचा आणि खाली NET::ERR_CERT_DATE_INVALID असं लिहिलेलं असायचं. समोर बसलेल्या मुलाच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली होती. त्याने स्वतःच्या फोनवर तीच साइट उघडून दाखवली. "भाऊ, माह्या मोबाइलमधी तं उघडून राहिली, तुमच्या कम्प्युटरमधी काहून नाही?"

प्रश्न अगदी नेमका होता. त्याचं उत्तर शोधताना जे कळलं ते सांगतो, कारण जुनी यंत्रं वापरणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येते.

असा इशारा आला की आधी घड्याळ बघावं. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते, आणि मग बहुतेक सगळ्याच सुरक्षित साइट हीच तक्रार करतात. माझी तारीख, वर्ष, वेळ सगळं बरोबर होतं. शिवाय काही साइट उघडत होत्या, काही नाही. म्हणजे दोष दुसरीकडे होता.

पत्त्याच्या डावीकडच्या इशाऱ्यावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडलं आणि 'Certification Path' या टॅबवर गेलो. तिथे नावांची उतरंड दिसते. सगळ्यात खाली साइटचं नाव, मध्ये तिला सर्टिफिकेट देणारी संस्था, आणि सगळ्यात वर मूळ म्हणजे रूट सर्टिफिकेट. वर DST Root CA X3 असं लिहिलं होतं. त्यावर दोनदा क्लिक केल्यावर मुदत दिसली: ३० सप्टेंबर २०२१. आपल्या वेळेप्रमाणे त्या दिवशी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ते संपलं होतं. साइटचं स्वतःचं सर्टिफिकेट शाबूत होतं, पण त्याच्यासाठी उभा राहिलेला जामीनदार मुदतबाह्य झाला होता.

या जामिनाची व्यवस्था अशी आहे. कुठलीही साइट स्वतःची ओळख स्वतः सिद्ध करू शकत नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये किंवा ब्राउझरमध्ये विश्वासू रूट सर्टिफिकेटांची एक यादी आधीच भरलेली असते, आणि साइटची साखळी त्या यादीतल्या कुणापर्यंत तरी पोचली तरच दार उघडतं. लेट्स एनक्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था २०१५ साली सुरू झाली तेव्हा तिचं स्वतःचं रूट कुणाच्याच यादीत नव्हतं. म्हणून तिने आयडेनट्रस्ट या जुन्या कंपनीच्या, २००० साली तयार झालेल्या आणि तोवर जवळजवळ सगळीकडे पोचलेल्या DST Root CA X3 चा आधार घेतला. दरम्यान तिचं स्वतःचं ISRG Root X1 अपडेटमधून हळूहळू सगळ्यांच्या यादीत शिरलं. ज्या यंत्रांना अपडेट मिळत होते त्यांना जुनं रूट संपल्याचं कळलंही नाही. ज्यांची यादी जुन्याच वर्षावर थांबली होती, ती अडली.

खरं तर विंडोज ७ लागेल ते नवं रूट मायक्रोसॉफ्टकडून गुपचूप आणून घेऊ शकतं. पण माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकून देणाऱ्याने डेटा वाचावा म्हणून मायक्रोसॉफ्टकडे जाणारी वाटच बंद करून ठेवली होती. आमच्याकडच्या कितीतरी दुकानांत अशीच यंत्रं असतात. अपडेट जुन्या सर्टिफिकेटची मुदत वाढवत नाही, तो यादी बदलतो. नवी नावं येतात, विश्वास गमावलेली निघून जातात. म्हणूनच अपडेट केल्यावर तीच साइट जणू काही झालंच नाही अशी उघडते.

त्या मुलाचं काम मी फायरफॉक्सवर केलं. तेव्हा क्रोम विंडोजचीच यादी वापरायचं, फायरफॉक्स मात्र स्वतःची यादी सोबत बाळगतं. ही ओळखायची सोपी खूण आहे: एकाच कॉम्प्युटरवर नवं फायरफॉक्स साइट उघडतं आणि दुसरा ब्राउझर नाही, तर यादीतच गोम आहे. फोन, शेजारचा कॉम्प्युटर, सगळीकडे तोच इशारा येत असेल तर साइटवाल्यांचंच सर्टिफिकेट संपलेलं असतं, आणि आपण कितीही अपडेट केलं तरी उपयोग नाही.

नंतर मी अपडेटची वाट मोकळी केली आणि तोवर ISRG Root X1 हाताने टाकलं. ते फक्त लेट्स एनक्रिप्टच्या letsencrypt.org या साइटवरूनच, चालणाऱ्या ब्राउझरमधून घ्यावं. बसवताना 'Trusted Root Certification Authorities' हा कप्पा निवडला की विंडोज एक इशारा दाखवतं आणि त्यात लांबलचक ठसा असतो. 'Yes' दाबण्याआधी तो अक्षरन् अक्षर ताडून बघावा:

```
CABD2A79 A1076A31 F21D2536 35CB039D 4329A5E8
```

हे मी एवढं बजावतो, कारण व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेलं 'साइट चालू करणारं सर्टिफिकेट' बसवलं तर ते पाठवणारा कुठल्याही बँकेच्या नावाने खोटी साइट उभी करू शकतो आणि आपला कॉम्प्युटर ती खरी मानेल. तसंच 'Advanced' दाबून पुढे जाण्याची वाट आधार, बँक, पासवर्ड यांच्यासाठी कधीच वापरू नये. कुणी सांगतात, तारीख मागे न्या. त्याने जुनं रूट जिवंत झाल्यासारखं दिसतं, पण नुकतीच सर्टिफिकेटं घेतलेल्या साइट बंद पडतात, कारण कॉम्प्युटरच्या लेखी त्यांची मुदत अजून सुरूच झालेली नसते.

आता त्या मुलाच्या फोनचं. तो फोनही जुनाच होता, मग त्यात साइट कशी उघडली? अँड्रॉइड यादीतल्या रूटची मुदत तपासतच नाही. त्याचा फायदा घेऊन लेट्स एनक्रिप्टने जुन्या रूटच्या चावीने सही केलेलं एक जोडसर्टिफिकेट घेतलं होतं, त्यामुळे जुने फोन आणखी तीन वर्षं चालले. ती सोय २०२४ मध्ये संपली: जूनपासून लेट्स एनक्रिप्टने ती साखळी देणं थांबवलं आणि ३० सप्टेंबरला त्या जोडसर्टिफिकेटची मुदतही सरली. म्हणून आज अँड्रॉइड ७.१.१ पेक्षा जुना फोन घेऊन लोक दुकानात येतात आणि सांगतात, नेट आहे, यूट्यूब चालतं, पण अमुक साइट उघडत नाही. यूट्यूबचं सर्टिफिकेट दुसऱ्या संस्थेचं असतं, त्याचा या रूटशी संबंध नाही. अशा फोनला कंपनीचा अपडेट बहुतेक येणार नसतो. त्यावर चालणारी फायरफॉक्सची आवृत्ती मिळाली तर ब्राउझरपुरतं काम भागतं, पण इतर ॲप फोनचीच यादी बघतात, ती अडकतातच.

विंडोज एक्सपी असलेल्या कॉम्प्युटरवर एवढी खटपट करू नये. तिथे ERR_SSL_VERSION_OR_CIPHER_MISMATCH असं दिसलं तर कॉम्प्युटरला आजच्या साइटची सुरक्षित बोलण्याची पद्धतच येत नाही, आणि नवं रूट टाकून ती शिकवता येत नाही.

जुना फोन विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी सेटिंग्जमध्ये 'About phone' उघडून अँड्रॉइडचा आकडा बघा. मग सुरक्षेच्या भागात 'Trusted credentials' उघडा. यादी संस्थांच्या नावांनी लागलेली असते. 'Internet Security Research Group' आणि त्याखाली ISRG Root X1 दिसलं तर हरकत नाही, त्याची मुदत जून २०३५ पर्यंत आहे. ते नाव नसेल तर त्या फोनवर कोणत्या साइट उघडाव्या लागणार आहेत, त्या विकणाऱ्यासमोरच क्रोममध्ये उघडून बघा.