वेतन अडले तेथे रजा, शिक्षण आणि वेळ

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातून दरवर्षी बाहेर पडणारे अनेक वाणिज्य पदवीधर पहिली नोकरी लातूर-नांदेडच्या बाजारपेठांतील पेढ्यांमध्ये शोधतात. तेथे मिळणारा वेतनाचा देकार पुष्कळदा अपेक्षेपेक्षा कमी असतो. अशा वेळी देकार मुकाट्याने स्वीकारावा किंवा नाकारावा, असे दोनच मार्ग उमेदवारास दिसतात. तिसरा मार्गही आहे. वेतनाचा आकडा तेथेच ठेवून रजा, शिक्षणाचा खर्च आणि कामाची वेळ व जागा यांविषयी विचारणा करणे, हा तो मार्ग होय. तो केव्हा लाभाचा ठरतो आणि केव्हा ठरत नाही, हे एका नमुन्याच्या उदाहरणावरून पाहू.

नांदेडच्या एका वाणिज्य पदवीधर तरुणीस लातूर येथील धान्य व बियाण्यांचा व्यापार करणाऱ्या पेढीने हिशेबनिसाच्या जागेसाठी दरमहा १८,००० रुपयांचा देकार दिला. तिची अपेक्षा २२,००० रुपयांची होती. पेढीत सुमारे तीस कर्मचारी आहेत. “जुन्या हिशेबनिसासही एवढेच मिळते,” असे मालकांनी सांगितले.

हे उत्तर नेहमीच सबब नसते. नव्या माणसास अधिक वेतन दिले की जुने कर्मचारीही वाढ मागतात. शिवाय वेतनाबरोबर इतर देणीही वाढतात. उपदान हे सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतके आणि शेवटच्या वेतनावर मोजले जाते. भविष्य निर्वाह निधी जेथे पूर्ण वेतनावर भरला जातो, तेथे मालकाचा हिस्साही वाढतो. एकदा वाढवलेले वेतन पुन्हा कमी करता येत नाही. याउलट परीक्षेसाठी दिलेली रजा किंवा एकदा भरलेले शुल्क यांचा भार मर्यादित असतो. म्हणून वेतनाचे दार बंद असतानाही हे दुसरे दार पुष्कळदा उघडे राहते.

विचारणा करण्यापूर्वी कायद्याने काय मिळतेच, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्या आस्थापनेस पूर्णपणे लागू आहे, तेथील कामगारास साप्ताहिक सुट्टीखेरीज वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आणि ८ दिवस सणांच्या पगारी सुट्ट्या मिळतात. वर्षात २४० दिवस काम झाले असल्यास दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. म्हणजे २८० दिवस काम करणाऱ्यास १४ दिवसांची रजा होते. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तींस हे लागू होत नाही. जे हक्काचेच आहे ते सवलत म्हणून मागितले, तर उमेदवार आपली मागणी वाया घालवतो आणि मालक न देता दात्याच्या भूमिकेत जातो. मागणी करावयाची ती या मर्यादेच्या वरच्या भागाची. त्याचप्रमाणे देऊ केलेले वेतन किमान वेतनाच्या खाली असेल, तर रजेने ती उणीव भरून निघत नाही. तेथे वेतनाचाच आग्रह धरला पाहिजे.

या तरुणीस इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडिया या संस्थेची इंटरमीजिएट परीक्षा द्यावयाची होती. ही परीक्षा जून व डिसेंबर या महिन्यांत होते. तिने तीन गोष्टी मागितल्या. परीक्षेपूर्वी दहा दिवसांची जादा भरपगारी रजा, परीक्षा व शिकवणी यांसाठी पावती दाखवून वर्षाला १५,००० रुपयांपर्यंत खर्च, आणि महिन्यातून दोन शनिवार नांदेडहून घरूनच काम करण्याची मुभा.

मागणीची वेळ तिने पेढीच्या दिनदर्शिकेवरून ठरवली. वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र दरमहा भरणाऱ्या पेढीत ११ तारखेस विक्रीचे आणि २० तारखेस करभरण्याचे विवरण द्यावे लागते. म्हणून घरून कामाचे शनिवार तिने २० तारखेनंतरचे किंवा महिन्याच्या पहिल्या आठवड्यातले सुचवले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची आवक आणि मार्चअखेरीस हिशेब बंद करण्याची घाई असते, म्हणून परीक्षेसाठी तिने जून निवडला. तिचे म्हणणे असे होते : “वेतनाविषयी आपली अडचण समजली. १८,००० रुपयांवर मी काम स्वीकारू शकेन. मात्र जूनच्या परीक्षेसाठी दहा दिवस रजा आणि शुल्काची सोय झाल्यास पुढील वर्षी पेढीचे खर्चपत्रक मीच तयार करू शकेन. यात आपणास काय शक्य आहे?” शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ वा ‘नाही’ एवढ्यात संपत नाही. मालकास काही ना काही सुचवावे लागते.

आता हिशेब मांडू. वेतनातील तूट महिन्याला ४,००० म्हणजे वर्षाला ४८,००० रुपये. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरता एका दिवसाचे मोल सुमारे ६९२ रुपये. दहा दिवसांचे सुमारे ६,९२०. त्यात शिक्षणाचे १५,००० मिळवले तरी बेरीज २२,००० च्या आत राहते. म्हणजे सुमारे २६,००० रुपयांची तूट उरतेच. दोन शनिवार घरी मिळाल्याने लातूर-नांदेड प्रवासाची दगदग टळते, परंतु त्याचे रुपयांत मोल जो तो स्वतःच ठरवू शकतो. ज्यास परीक्षा द्यावयाचीच आहे आणि तो खर्च एरवी स्वतः करावा लागला असता, त्यालाच ही देवघेव परवडते. ज्याच्या घरी दरमहा रोख रकमेची निकड आहे, त्याच्यासाठी ती घाट्याची आहे. शिवाय रजेवर उपदान वाढत नाही आणि पुढचा मालक मागील वेतनच विचारतो. म्हणून सहा महिन्यांनी वेतनाचा फेरविचार होईल, एवढे वाक्यही तिने मागून घेतले.

अशा तडजोडी मोडतात त्या बहुधा दोन ठिकाणी. पहिले म्हणजे तोंडी आश्वासन. “पाहू, अडवणार नाही,” हे उत्तर होकार नव्हे. दिवसांची संख्या, रकमेची मर्यादा आणि शनिवारांची संख्या नेमणूकपत्रात आली पाहिजे. कारण व्यवस्थापक बदलला की तोंडी शब्दाला साक्षीदार उरत नाही. दुसरे म्हणजे कागदावर असलेली, परंतु प्रत्यक्षात न मिळणारी रजा. ती ओळखण्यासाठी मुलाखतीतच विचारावे, “गेल्या वर्षी या विभागातील माणसांनी किती रजा घेतली?” उत्तर टाळले गेले, तर त्या रजेचे मोल हिशेबात शून्य धरावे.

शिक्षणाच्या खर्चाबरोबर काही काळ नोकरी न सोडण्याची अट येऊ शकते. ती वाचल्याशिवाय सही करू नये. परतफेड प्रत्यक्ष झालेल्या खर्चापुरतीच असावी आणि महिन्यागणिक घटत जावी. बारा महिन्यांच्या अटीत सहा महिने पूर्ण झाले असतील, तर १५,००० पैकी ७,५०० रुपयेच परत करावे लागतील, असे पत्रात स्पष्ट लिहून घ्यावे.