कपटी दैत्य आणि त्याला दोन उत्तरे

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘चिंतनां’त एक विलक्षण कल्पना मांडली. समजा, एखादा बलाढ्य व कपटी दैत्य आपले सारे सामर्थ्य आपल्याला फसविण्यात खर्च करीत आहे. आकाश, पृथ्वी, रंग, फार काय आपले हातसुद्धा त्याने रचलेला भ्रम आहे. देकार्तांना ज्ञान नाकारायचे नव्हते. कोणत्याही संशयाने ढळणार नाही असा पाया त्यांना हवा होता. परंतु त्यांच्या उत्तरापेक्षा त्यांचा दैत्यच दीर्घायुषी ठरला.

संशयवादी म्हणतो : आपण भ्रमात नाही, हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसेल, तर आपल्याला हात आहेत हेही ठाऊक नाही. भ्रम व वास्तव यांचा अनुभव हुबेहूब सारखाच असल्याने कोणताही पुरावा येथे निर्णय देऊ शकत नाही.

याला मिळालेल्या दोन उत्तरांतील भेद आम्ही ड्रेट्स्की यांनी १९७० साली दिलेल्या उदाहरणावरून पाहू. प्राणिसंग्रहालयात वडील मुलाला म्हणतात, ‘तो झेब्रा आहे.’ पण ते पट्टे रंगविलेले खेचर नाही, हे त्यांना ठाऊक आहे काय?

बाह्यवादी प्रथम संग्रहालयाकडे पाहतो. तेथे खेचरे रंगवीत नसतील, तर वडिलांची दृष्टी विश्वसनीय आहे आणि त्यांना ज्ञान आहे. ती विश्वसनीयता त्यांना सिद्ध करता आलीच पाहिजे असे नाही. तेथे रंगविलेली खेचरेही ठेवलेली असतील, तर समोरचा प्राणी खरा झेब्रा असूनही त्यांना ज्ञान नाही.

संदर्भवादी मात्र संभाषणाकडे पाहतो. सहलीत ‘ठाऊक आहे’ हे म्हणणे खरे ठरते. पण कोणी रंगविलेल्या खेचराची शंका गांभीर्याने काढली की त्या शब्दाची कसोटी कडक होते आणि तेच वाक्य खोटे ठरते. प्राणी तोच, पुरावा तोच. बदलली ती कसोटी. डीरोझ व लुईस यांनी १९९०च्या दशकात या मताची सविस्तर मांडणी केली.

दोन्ही उत्तरांना मर्यादा आहेत. घरी निर्धास्त असणारे आपण तत्त्वचर्चेत का डळमळतो, हे संदर्भवाद नेमके सांगतो. पण त्या चर्चेपुरता विजय तो संशयवाद्याला देऊन टाकतो. बाह्यवाद विजय देत नाही, परंतु त्याचे उत्तर ‘जग आपल्याला वाटते तसे असेल तर’ या अटीवर उभे आहे. शिवाय कोहेन यांनी १९८४ साली त्याला अडचणीत टाकले : दैत्याने फसविलेला मनुष्य आपल्याइतकाच काळजीपूर्वक विचार करीत असेल, तर केवळ त्याची इंद्रिये अविश्वसनीय म्हणून त्याच्या समजुती असमर्थनीय कशा?

आमच्या मते या प्रश्नातून एक भेद हाती लागतो. नीट विचार करणे आणि सत्याशी जोडलेले असणे या दोन गोष्टी आहेत. दैत्य दुसरी हिरावू शकतो, पहिली नाही.