काम सुटले, हे घरी कसे सांगावे?



सन 2008 मध्ये जगभर मंदी आली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरतेतील हिऱ्यांचे अनेक कारखाने उघडलेच नाहीत. सन 2024 मध्ये पुन्हा मंदीने कारागिरांना घरी बसविले. त्या वर्षी कारागिरांच्या संघटनेला आत्महत्या रोखण्यासाठी फोनसेवा सुरू करावी लागली. म्हणजे पोटाच्या चिंतेबरोबर मनाचे दुखणेही होते, आणि त्याचे एक मूळ लाज हे आहे.

अवकाळी पावसाने पीक गेले तर आपण शेतकऱ्याला आळशी म्हणत नाही. परदेशातली मागणी घटली म्हणून काम गेले, तर कारागिराने तरी स्वतःला नालायक का ठरवावे? पण पुष्कळ जण तसे ठरवितात आणि रोज डबा घेऊन बाहेर पडतात. पगाराचा दिवस आला की हे उघड होते. मग पत्नीला काम गेल्यापेक्षा लपविल्याचेच दुःख अधिक होते.

म्हणून एक-दोन दिवसांतच सांगावे. मुले निजल्यावर, शांतपणे, पहिल्याच वाक्यात सांगावे: "माझे काम सुटले आहे." मग कागद घेऊन हिशेब मांडावा. समजा, हाती 18,000 रुपये आहेत. खोलीभाडे 4,000 आणि इतर खर्च 5,000, म्हणजे महिन्याला 9,000. याचा अर्थ दोन महिने निभेल. "काळजी करू नकोस" एवढ्याने भीती जात नाही. दोन महिने आहेत हे कळले की ती आटोक्यात येते. "आठवड्यात काम मिळवतो" असे वचन मात्र देऊ नये. उद्या कोणाला भेटणार, एवढेच सांगावे.

पत्नी तोच प्रश्न दहादा विचारील. तो टोमणा नसतो, भीती असते. त्यासाठी रोज सायंप्रार्थनेनंतर अर्धा तास ठरवावा; त्या वेळी सर्व बोलावे, एरवी विषय काढू नये. भगिनींनो, पती दारात येताच "मिळाले का?" असे विचारू नका. माहेरी, सासरी व गावात काय सांगायचे हेही दोघांनी मिळून ठरवा, म्हणजे एकाच्या तोंडून निघालेल्या शब्दाने दुसऱ्याची मान खाली जाणार नाही.

एवढ्याने सर्वांचेच भागत नाही. झोप उडाली, जेवण सुटले, "मी तुम्हांला ओझे झालो" असे शब्द येऊ लागले, तर त्याला एकटे सोडू नका. "जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का?" असे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मन मोकळे होते. घरातील कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी शेजाऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून रात्रंदिवस चालू असतो.

आमचे दारही उघडे आहे. दोघे मिळून या.