डिस्कशनमधला तो 'मुळे'

पेपर नाकारला गेल्यावर सर म्हणाले, "तुम्ही जरा जपून लिहायला हवं होतं." मी जपूनच लिहिलं होतं! नववीच्या मुलांची सेल्फ-एफिकसी, म्हणजे 'हे गणित मला जमेल' हा विश्वास, आणि त्यांचे गणितातले गुण यांत सहसंबंध आढळला, एवढंच माझं वाक्य. "यात दम नाही," म्हणत सरांनीच त्याचं "सेल्फ-एफिकसीमुळे गुण वाढतात" केलं आणि खाली "बांडुरांचा सिद्धांत सिद्ध झाला" अशी पुस्ती जोडली. लाल शाईतला तो मसुदा मी जपून ठेवलाय.

समीक्षकाने नेमकं तिथेच धरलं. प्रश्नावली आणि चाचणी एकाच आठवड्यात घेतलेली, मग आधी काय आलं हे कशावरून ठरवलं? पुढचा शेरा जास्त लागला, कारण तो सिद्धांतावरच होता. अल्बर्ट बांडुरांनी 1977 च्या लेखात या विश्वासाचा सर्वांत भक्कम स्रोत म्हणून माणसाने स्वतः मिळवलेलं यश सांगितलंय. म्हणजे चांगले गुण पडले म्हणून विश्वास वाढला, हेही त्याच सिद्धांतात बसतं. आमचा आकडा दोन्ही बाजूंनी सारखाच बोलत होता आणि सरांनी एकीचंच ऐकलं.

म्हणून निष्कर्ष सिद्धांताला जोडताना आधी सिद्धांताचं नेमकं कोणतं विधान तपासलं ते लिहा. "हे निष्कर्ष त्या विधानाशी सुसंगत आहेत" इथे थांबा. लगेच पुढे उलट दिशाही मांडा, आणि तिसरी शक्यताही: आठवीत ज्यांचं गणित पक्कं होतं त्यांचा विश्वासही जास्त आणि गुणही जास्त. आठवीचे गुण हाताशी असतील तर ते विश्लेषणात घ्या. त्यानंतर संबंध फिका पडला, तर तसं सांगा. टिकला, तरी शिकवणी, घरचं वातावरण उरतंच. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा दोन्ही गोष्टी मोजल्या, तर निदान क्रम तरी कळतो.

सहसंबंध 0.40 असेल तर त्याचा वर्ग 0.16. गुणांतल्या फरकापैकी 16 टक्के भाग या विश्वासाशी जुळून बदलतो, एवढाच त्याचा अर्थ. विश्वासाने तेवढे गुण मिळवून दिले असा नाही.

बाकी मर्यादा प्रामाणिकपणे लिहा, वगैरे सगळे सांगतातच. पण मर्यादांच्या परिच्छेदात "कार्यकारणभाव सांगता येत नाही" म्हणायचं आणि शिफारशींत "शाळांनी आत्मविश्वास-शिबिरं घ्यावीत" असं ठोकून द्यायचं, हे चालत नाही. शिबिराने गुण वाढतील, हा दावा त्यात आलाच. तिथे फार तर "अशा शिबिरांचा परिणाम प्रयोगाने तपासावा" असं लिहा. आमच्याकडची शिबिराची ओळही सरांचीच होती. आणि मसुदा कोणी बदलला तर तारखेनिशी प्रत ठेवा.